समूहगीतात ओळी कशा वाटायच्या: एको, ओव्हरलॅप आणि सगळ्यांची मिळून शेवटची ओळ

समूहगीत बसवताना बऱ्याच ठिकाणी असं होतं की गाण्याचा कागद हातात आला रे आला की कोणीतरी पेन घेऊन ओळींसमोर अ, ब, क लिहायला बसतं, पहिली ओळ मुलींना, दुसरी मुलांना, तिसरीला एको आणि शेवटी सगळे, झालं वाटप. मग तालमीत एको पुढच्या ओळीवर चढतो, ओव्हरलॅपमध्ये दोन्ही गटांचे शब्द कळत नाहीत आणि शेवटच्या ओळीला निम्मे लोक अजून श्वासच घेत असतात. त्यावर उपाय म्हणून सगळ्यांना "जोरात गा" सांगितलं जातं, त्याने काहीच सुधारत नाही, कारण घोळ गळ्यात नसतो, कागदावर असतो. मात्रा न मोजता वाटप केलेलं असतं.

खाली एकच छोटं गाणं घेऊन पूर्ण वाटप करून दाखवतोय. चोवीस जणांचा गट, केरवा, लय मिनिटाला साधारण १२० मात्रा. ओळी सरावासाठीच रचल्या आहेत, हव्या तर तशाच वापरा.

ढग रानावर आले
बीज मातीत गेले
पान वाऱ्यात डोले
गाव शेतात चाले
हिरवे हिरवे रान आपुले

१. आधी रिकामी जागा शोधा

वाटपाच्या आधी प्रत्येक ओळ मात्रांमध्ये मांडायची. वहीत सोळा चौकोन आखा, म्हणजे आठ मात्रांच्या केरवा तालाची दोन आवर्तनं, प्रत्येकाची पहिली मात्रा सम आणि पाचवी खाली, आणि प्रत्येक अक्षर कुठल्या चौकोनात पडतं ते लिहा. पहिल्या ओळीत "ढग" १ आणि २ वर, "रानावर" ३ ते ८, "आ" ९ आणि १० वर, "ले" ११ आणि १२ वर. म्हणजे शब्द बाराव्या मात्रेला संपले आणि १३ ते १६ या चार मात्रा रिकाम्या राहिल्या. पुढच्या तीन ओळीही अशाच आहेत, आठ मात्रांत पहिले दोन शब्द, मग चार मात्रांचा शेवटचा शब्द, मग चार रिकाम्या.

ही रिकामी जागा म्हणजे तुमचं सगळं भांडवल, एको इथेच बसणार, ओव्हरलॅपही इथूनच निघणार आणि श्वासही इथेच घ्यायचा आहे. तिन्ही गोष्टी एकाच जागेवर हक्क सांगतात म्हणून कुठल्या ओळीत ती कोणाला द्यायची हे ठरवणं, हेच खरं वाटप.

आता शेवटची ओळ मांडा. "हिरवे हिरवे" १ ते ८, "रान आपुले" ९ ते १६. एकही मात्रा रिकामी नाही, तेव्हा इथे एको शक्यच नाही. चालीत ओढाताण करून तो बसवायला जाऊ नका.

तपासा: एकट्याने हातावर टाळी देत सगळं गाणं म्हणा आणि रिकाम्या मात्रा तोंडाने मोजा. १३, १४, १५, १६ मोजायला खरंच वेळ मिळत नसेल तर चाल तुमच्या कागदाशी जुळत नाहीये, वाटप करण्याआधी तेच सोडवा.

२. गट पाडा, पण आवाजाच्या तोलावर

तीन गट करा, अ मध्ये नऊ, ब मध्ये नऊ, क मध्ये सहा. क हा एकोचा गट, तो लहानच हवा, कारण एको मूळ ओळीपेक्षा हलका ऐकू यायला हवा आणि सहा जण सहज गायले की तो आपोआप हलका होतो, नऊ जणांना "हळू गा" सांगितलं तर ते हळू गात नाहीत, लय सोडतात.

सर्रास होणारी चूक म्हणजे पक्के गाणारे सगळे अ मध्ये आणि उरलेले क मध्ये टाकणं. एको म्हणजे सोपं काम असं लोकांना वाटतं, पण एकोवाल्यांना खालीच्या मात्रेवर नेमकं उचलायचं असतं, समोर ओळ चालू नसते, आधार नसतो. क मध्ये किमान दोन जण असे हवेत ज्यांना ताल पक्का कळतो. अ आणि ब मध्येही प्रत्येकी दोन खात्रीचे आवाज ठेवा.

आणि बायका एका गटात, पुरुष दुसऱ्यात असं शक्यतो करू नका. पट्टी एकच असते, त्यामुळे एक गट आरामात गातो आणि दुसरा एकतर खर्जात पुटपुटतो नाहीतर ताणतो, मग ओळी बदलल्या की आवाज वर खाली होत राहतो. प्रत्येक गटात दोन्ही आवाज मिसळले तर ते एकमेकांना सप्तकाच्या अंतराने सांभाळून घेतात.

३. सगळ्यांना सगळं शिकवा, आणि शेवटची ओळ सगळ्यात आधी

वाटप ठरलं तरी पहिल्या तालमीत कोणालाही त्याचा गट सांगू नका. सगळ्यांनी सगळ्या ओळी एकत्र गायच्या, रिकाम्या मात्रा टाळीने मोजत. आपली ओळ आधी कळली की माणूस दुसऱ्याची ओळ ऐकायचंच सोडतो, आणि एको काय, ओव्हरलॅप काय, दोन्ही दुसऱ्याची ओळ मनात चालू असल्याशिवाय जमत नाहीत.

सुरुवात शेवटच्या ओळीने करा. बहुतेक तालमी पहिल्या ओळीपासून सुरू होतात, पहिल्या दोन ओळी घासून गुळगुळीत होतात आणि वेळ संपत आली की शेवटची ओळ घाईत उरकली जाते. सगळे मिळून गाणार ती ओळ सगळ्यात कच्ची, असं होतं मग. ताजे गळे असताना ती घ्या.

४. एको बसवा (ओळ १ आणि २)

पहिली ओळ अ गाणार, क एको देणार. दुसरी ब गाणार, पुन्हा क एको देणार. एको फक्त शेवटच्या शब्दाचा: "आले", "गेले". चार मात्रांचा शब्द, चार मात्रांची जागा.

लोकांना "रानावर आले" असा मोठा एको द्यायचा मोह होतो, पण मोजून बघा, दहा मात्रा लागतात आणि जागा चारच, म्हणजे सहा मात्रा दुसऱ्या ओळीच्या डोक्यावर जाणार. मग ब गटाला आपली ओळ ऐकू येत नाही आणि तो थांबून थांबून गातो. एको लांब हवाच असेल तर ओळींच्या मध्ये एक आख्खं आवर्तन वाढवा, पण मग ते सगळ्या ओळींना वाढवा नाहीतर तबलजी बिचारा दर वेळी मोजत बसेल.

आता उचल कुठे? तेरावी मात्रा म्हणजे दुसऱ्या आवर्तनाची पाचवी, केरव्याची खाली. हे फार सोयीचं आहे. क गटाला "तेरा मोजा" सांगण्यापेक्षा "समेवर अ चं 'आ' ऐका आणि त्यानंतरच्या खालीवर उचला" असं सांगा. अ गटाचा शेवटचा शब्द बरोबर समेवर पडतो, त्यामुळे खूण पक्की मिळते.

इथे एक बारीक गोष्ट आहे जी जवळून ऐकल्याशिवाय लक्षात येत नाही. "गेले" चा एको स्पष्ट ऐकू येतो कारण तो "ग" ने सुरू होतो, व्यंजनाचा ठोका मिळतो. "आले" स्वराने सुरू होतं. अ गटाने आपलं "ले" थोडं जरी पुढे रेटलं तरी "ले" आणि "आ" एकमेकांत विरघळतात आणि एको आलाय हेच कळत नाही, नुसता सूर लांबल्यासारखा वाटतो. म्हणून पहिल्या ओळीला अ ने बाराव्या मात्रेच्या शेवटी स्वर साफ तोडायचा आणि क ने "आ" वर किंचित दाब द्यायचा. स्वराने सुरू होणाऱ्या प्रत्येक एकोला हे लागू आहे.

सावधान: एकोचा तुकडा एकटा म्हणून बघा. समजा ओळ आहे "भिणार नाही आम्ही कोणा" आणि एको घेतला "आम्ही कोणा", तर त्याला काही अर्थच उरत नाही. त्याहून वाईट म्हणजे "हरणार आम्ही नाही" या ओळीला "आम्ही नाही" असा एको, ऐकणाऱ्याला वाटतं मागचे लोक अंग काढून घेतायत. जिथे तुकडा अर्थ उलटवतो तिथे एको देऊ नका, सरळ दुसरी ओळ निवडा.

आणखी एक, साथीदारांशी आधी बोला. ओळीनंतर चार मात्रा मोकळ्या दिसल्या की ढोलकीवाला हात मोकळा करून घेतो आणि पेटीवाला शेवटचा तुकडा वाजवून भरतो, दोघांचीही ती सवयच असते. नेमकी तीच एकोची जागा. १३ ते १६ मध्ये साधा ठेका आणि पेटीवर फक्त षड्ज धरलेला, एवढंच मागा.

तपासा: मोबाईल हॉलच्या शेवटच्या रांगेत ठेवून रेकॉर्ड करा. समोर उभं राहून ऐकलं तर एको नेहमी बरा वाटतो कारण तुम्हाला क गटाची तोंडं दिसत असतात.

५. ओव्हरलॅप (ओळ ३ आणि ४)

दोन ओळी एको ऐकला की ऐकणाऱ्याच्या कानाला सवय होते, खाली आली की मागून पडसाद येणार. तिसऱ्या ओळीला तिथे एको न देता नवी ओळच सुरू करायची. क गट इथे गप्प. हा धक्का चांगला बसतो, आणि म्हणूनच एको दोन ओळींपुरताच ठेवा असं माझं आग्रहाने सांगणं आहे, चारही ओळींना एको दिला तर ओव्हरलॅपला काही वजन राहत नाही.

मांडणी अशी. अ गातो "पान वाऱ्यात डोले". "ले" अकराव्या मात्रेवर येतं आणि अ ते बाराव्याला न तोडता सोळाव्यापर्यंत धरतो, सहा मात्रा, म्हणजे या लयीत तीन सेकंद. तेराव्यावर, खालीला, ब सुरू करतो "गाव शेतात चाले".

म्हणजे एका वेळी एकाच गटाचे शब्द चालू आहेत, दुसऱ्याचा फक्त स्वर. ओव्हरलॅपमध्ये पाळायचा एकच नियम सांगायचा तर हाच. शब्दावर शब्द फक्त तेव्हाच चालतात जेव्हा दोन्ही ओळी ऐकणाऱ्याने आधी स्वच्छ ऐकलेल्या असतात, ध्रुवपद पुन्हा येतं तेव्हा वगैरे. पहिल्यांदा येणाऱ्या ओळीवर दुसरे शब्द टाकलेत तर दोन्ही वाया जातात.

आता यात तीन ठिकाणी पाय घसरतो.

पहिलं, सूर. अ ने धरलेला सूर आणि ब चा सुरुवातीचा सूर एकमेकांना सोसणारे हवेत. अ पंचमावर थांबला आणि ब षड्जावर किंवा शुद्ध गंधारावर आला तर छान मिळतं. अ मध्यमावर थांबला आणि ब शुद्ध गंधारावर आला तर दोन सूर शेजारी शेजारी घासतात, आणि अशा वेळी जो गट कमी पक्का तो दुसऱ्याच्या सुरावर सरकतो. चाल तुमची असेल तर तिसऱ्या ओळीचा शेवट बदला. दुसऱ्या कोणाची असेल तर त्या जागी ओव्हरलॅप सोडा, दुसरी जागा शोधा.

दुसरं, आवाज. अ ने "ले" सुरुवातीच्याच जोरात धरलं तर ब ची "गाव" बुडते. तेराव्या मात्रेला अ निम्म्यावर यायला हवा. सोपी युक्ती म्हणजे नऊपैकी पाच जणांनी बाराव्याला थांबायचं, उरलेल्या चौघांनी धरायचं, सगळ्यांना आवाज कमी करायला शिकवण्यापेक्षा हे लवकर जमतं.

तिसरं सगळ्यात चिवट आहे. ब ची ओळ चार मात्रा आधी सुरू झाली त्यामुळे तिचे ठोके सरकतात. आधी समेवर "गा" होतं, आता ते खालीवर आहे. "गा" पाचव्या सहाव्यावर, "व" सातव्यावर, "शे" आठव्यावर सुरू होऊन पुढच्या समेपर्यंत लांबतं. सम "शे" च्या पोटात येते! गाणाऱ्यांना सम आली की नवं अक्षर टाकावंसं वाटतं, त्यामुळे ब गट हमखास "शे" एक मात्रा उशिरा टाकतो आणि पूर्ण ओळ मागे पडते. ब ला ही ओळ वेगळी बसवून एकट्याने, ठेक्यावर, खालीपासून सुरू करून घोटून घ्या. अ ला तोपर्यंत बोलावूच नका.

तपासा: ज्याने गाणं कधी ऐकलेलं नाही अशा कोणाला तरी बसवा आणि तिसरी, चौथी ओळ ऐकून लिहायला सांगा. "शेतात" बरोबर लिहिलं गेलं तर ओव्हरलॅप बसला.

६. वाचलेल्या मात्रा परत द्या

ही पायरी जवळजवळ सगळेच विसरतात. चौथी ओळ चार मात्रा आधी सुरू झाली म्हणजे ती चार मात्रा आधी संपणार. "चाले" सातव्या आवर्तनाच्या ५ ते ८ वर पडतं. लगेच आठव्या आवर्तनाच्या समेवर शेवटची ओळ घेतली तर ब गटाला श्वासाला जागाच नाही, अ आणि क जोरात येतात, ब अर्धवट, आणि सगळ्यांची म्हणवणारी ओळ दोन तृतीयांश लोकांची होते.

म्हणून आठवं आवर्तन राखून ठेवा. पहिल्या चार मात्रा ब "ले" धरतो, पुढच्या चार मात्रा सगळे गप्प, फक्त ठेका. दोन सेकंद. शेवटची ओळ नवव्या आवर्तनाच्या समेवर. गंमत अशी की ओव्हरलॅप नसता तरी शेवटची ओळ नवव्या आवर्तनालाच आली असती, चार ओळी गुणिले दोन, म्हणजे वाजवणाऱ्याला काहीच बदलावं लागत नाही.

पूर्ण नकाशा असा, हा फळ्यावर लिहून ठेवा:

आवर्तन १-२: अ "ढग रानावर आले", खालीवर क "आले"
आवर्तन ३-४: ब "बीज मातीत गेले", खालीवर क "गेले"
आवर्तन ५-६: अ "पान वाऱ्यात डोले", "ले" धरून, खालीवर ब "गाव शे…"
आवर्तन ७: ब "…तात चाले"
आवर्तन ८: ब "ले" धरून चार मात्रा, मग सगळे गप्प, श्वास
आवर्तन ९-१०: सगळे "हिरवे हिरवे रान आपुले"
आवर्तन ११ ची सम: तोड

सावधान: आठव्या आवर्तनात क ला "चाले" चा एको द्यावासा वाटेल, जागा दिसतेच आहे. देऊ नका. ती शांतता गेली की शेवटची ओळ आधीच्या ओळींसारखीच वाटते.

७. शेवटची ओळ

सगळे म्हणजे सगळे, एकाच चालीत, एकाच लयीत. स्त्री पुरुष सप्तकाचं अंतर चालेल, पण वरचे सूर, वेगळी हरकत, कोणा एकाची तान इथे नको. पहिलं "हिरवे" अ ने आणि दुसऱ्या "हिरवे" ला बाकीच्यांनी सामील व्हायचं अशीही एक हौस दिसते, ऐकायला बरी वाटते पण मग ती पाचवी वाटलेली ओळ झाली, सामायिक उरली नाही. चाल षड्ज ते पंचम एवढ्यात ठेवा म्हणजे कोणालाच ताण येणार नाही.

अडचण पहिल्या अक्षराची आहे. "हि" मधला "ह" म्हणजे निव्वळ हवा, त्याला ठोका नाही. चोवीस जणांचे "ह" थोडे मागे पुढे पडले की सम पसरट ऐकू येते. सगळ्यांना सांगा की "ह" समेच्या किंचित आधी सुटायला हवा आणि "इ" समेवर पडायला हवी. त्यासाठी आठव्या आवर्तनाच्या शेवटच्या दोन मात्रांत एकत्र श्वास, हात दाखवणाऱ्याने स्वतः श्वास घेऊन दाखवायचा, नुसता हात उचलून भागत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे "हिरवे हिरवे" मध्ये लय पळते. दोन लघु अक्षरं आणि एक गुरु, तेच दोनदा, त्यात शेवट आल्याचा उत्साह. "वे" च्या दोन मात्रा पूर्ण घ्यायला लावा, पळणं तिथेच थांबतं.

"आपुले" चं "ले" पंधरा सोळावर, आणि तोड पुढच्या समेवर, हात मुठीत मिटला की बंद. तोडीचा सराव वेगळा करा, फक्त "पुले" घेऊन. रेकॉर्डिंगमध्ये एखादा आवाज मागे रेंगाळलेला ऐकू आला तर त्या माणसाची नजर कागदावर असते, बाकी काही नाही.

८. उभं कुठे करायचं

अ डावीकडे, ब उजवीकडे, क मागे मध्यभागी. क ला गॅलरीत किंवा हॉलच्या दाराशी उभं करायची कल्पना आकर्षक आहे, पण हिशोब करा: आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. क गट ३४ मीटर लांब असेल तर त्यांना ठेका सेकंदाच्या एक दशांशाने उशिरा ऐकू येतो, ते तेवढ्याच उशिराने गातात आणि स्टेजजवळ बसलेल्यांपर्यंत यायला पुन्हा तेवढाच वेळ. आपली मात्रा अर्ध्या सेकंदाची, म्हणजे एको जवळजवळ अर्धी मात्रा मागे. लांब ठेवायचंच असेल तर क ने कानावर न जाता हातावर गायचं, आणि शेवटच्या ओळीआधी त्यांना स्टेजवर परत आणायची सोय आठव्या आवर्तनात होत नाही हेही लक्षात घ्या.

हॉल घुमणारा असेल तर अ आणि ब ने पहिल्या दोन ओळींचं "ले" दीड मात्रेतच सोडायचं, उरलेली अर्धी मात्रा भिंती भरतात.

९. ऐनवेळी माणसं कमी पडली तर

क मधले दोघे आले नाहीत तर चौघांवर एको चालतो, काही बदलू नका. तीनपेक्षा कमी उरले तर एको रद्द करा आणि १३ ते १६ मोकळ्या सोडा, अ किंवा ब मधून कोणाला उचलून तिथे टाकू नका, कारण त्या माणसाने बाकी सगळ्या तालमीत त्या जागेवर श्वास घेतलेला असतो. ब मधला ताल पक्का असलेला माणूस गैरहजर असेल तर ओव्हरलॅप काढा आणि चौथी ओळ सातव्या आवर्तनाच्या समेवर सुरू करा, मूळ जागेवर. "चाले" आठव्याच्या समेवर येईल, खालीपासून श्वास मिळेल आणि शेवटची ओळ आहे तिथेच राहील. हा पर्यायही एकदा तालमीत सगळ्यांकडून गाऊन घ्या, आणि ढोलकीवाल्याला सांगून ठेवा.